भावाच्या स्थळासाठी तीस सेकंदांचा आवाज : कामाच्या नोंदी

२६ डिसेंबर

भावाचं प्रोफाइल विवाहाच्या साइटवर टाकून दोन महिने झाले. बायोडाटा पूर्ण आहे: जन्मवेळ, रास, उंची, बी.ए., मामांचं कूळ, द्राक्षबाग किती एकर, विहीर, ट्रॅक्टर. फोटो चार आहेत. साइटवर आणखी एक सोय आहे, तीस सेकंदांपर्यंतचा व्हिडिओ किंवा नुसता आवाज टाकायचा. ती जागा रिकामी आहे. आज आईशी बोलून ठरवलं की ती मी भरायची. शाळेत मुलांचं कवितापाठाचं रेकॉर्डिंग मीच करते, त्यामुळे मोबाइलवर आवाज कसा घ्यायचा ते मला येतं. काय बोलायचं, ते मात्र माहीत नाही.

दोन महिन्यांत नऊ फोन आले. वहीत लिहून ठेवले होते, आज पुन्हा वाचले. सहा फोनांत पहिल्या पाच मिनिटांत एकच चौकशी झाली, शब्द वेगळे होते इतकंच: मुलगी तिथे राहणार कशी? शेतात जावं लागेल का, शिकलेली आहे तर नोकरी करता येईल का, हातात पैसा कसा येतो. एकर किती आणि ट्रॅक्टर कोणता हे एकानेही विचारलं नाही, कारण ते बायोडाटात आहे. म्हणजे या तीस सेकंदांचं काम बायोडाटा वाचून दाखवणं नाही. कागदावर जे मावत नाही आणि ज्यासाठी लोक फोन करतात, ते इथे आलं पाहिजे.

२९ डिसेंबर

रविवार म्हणून माहेरी आले. पहिली संहिता लिहून आणली होती, ती भावाला वाचायला दिली. ११८ शब्द, घड्याळावर ५४ सेकंद. म्हणजे जवळजवळ निम्मं जायला हवं.

एक हिशोब करून ठेवते, पुढे उपयोगी पडेल. भाऊ त्याच्या नेहमीच्या चालीत, घाई न करता बोलला तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. मराठी शब्द प्रत्ययांमुळे लांब असतात, ‘तालुक्यातल्या’ हा एकच शब्द पाच अक्षरांचा. साइट तिसाव्या सेकंदाला आवाज तोडते, वाक्य अर्धं राहिलं तरी. सुरुवातीला अर्धा सेकंद मोकळा ठेवावा लागतो, नाहीतर बटण दाबताना ‘नमस्कार’चा ‘न’ कापला जातो. शेवटीही सेकंदभर शांतता हवी. म्हणजे बोलणं २८ सेकंदांत संपलं पाहिजे आणि शब्द साठाच्या आत राहिले पाहिजेत. साठ शब्द म्हणजे पाच-सहा वाक्यं. एका वाक्यात एकच गोष्ट.

पहिल्या संहितेत ‘मी कष्टाळू, निर्व्यसनी आणि कुटुंबवत्सल आहे’ असं वाक्य होतं. ते भावाने वाचलं आणि तिथे त्याचा आवाज खाली गेला. म्हणाला, “ताई, हे मी कसं म्हणू? हे दुसऱ्याने म्हणायचं असतं.” बरोबर आहे. साइटवरचे दहा आवाज ऐकले, सातांत तेच शब्द होते. ऐकणारीच्या कानाला ते लागतही नसतील. ‘निर्व्यसनी’ बायोडाटात आहे, तिथेच राहू दे. आवाजातून ते तीन शब्द काढले.

३० डिसेंबर

व्हिडिओ की आवाज, याचा निर्णय.

काल व्हिडिओ करून पाहिला. बागेत मांडवाखाली उभं केलं, मोबाइल आडवा धरला. पाच वेळा घेतला. पहिल्यात वाऱ्याने माइकवर फरफर आवाज. दुसऱ्यात शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला. तिसऱ्यापासून वारा थांबला, पण भावाची नजर माझ्या हातातल्या कागदाकडे जायला लागली, आणि कागद खाली घेतला तर तो दोन्ही हात मागे बांधून शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा उभा राहिला. रात्री हाच माणूस मला फोनवर बागेबद्दल वीस मिनिटं सलग सांगतो, तेव्हा एकदाही अडखळत नाही. त्याचा खरा सूर फोनवर निघतो.

दुसरंही कारण आहे, आणि माझ्या दृष्टीने ते मोठं आहे. चेहरा, घर, बाग असं सगळं एका व्हिडिओत आलं की ते कुठेही फिरतं. कोणी उतरवून घेतलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं की आपल्या हातातून गेलं. आवाजाचंही तसं होऊ शकतं, पण त्यात गावाचं नाव आणि आडनाव नसलं तर ओळख लगेच पटत नाही.

आई म्हणाली, घर दिसायला हवं, आरसीसीचं घर आहे. तेही खरं. त्यासाठी पाचवा फोटो टाकायचा: ओटा, अंगण, पाठीमागे न्हाणीघराचं दार. घर फोटोत नीट दिसतं. तीस सेकंदांच्या हलत्या व्हिडिओत ते धड दिसत नाही आणि बोलण्याकडे लक्षही राहत नाही. आवाज ठरला.

२ जानेवारी

आज एक शब्दही रेकॉर्ड केला नाही. फोनवर आईशी तासभर बोलले. आतापर्यंतचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच झालं.

माझ्या संहितेत एक वाक्य होतं: ‘मुलीला शेतात काम करावं लागणार नाही.’ फोनांवरच्या चौकशीला हे थेट उत्तर, म्हणून मी ते आनंदाने लिहिलं होतं. आईला वाचून दाखवलं तर ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “हे कोणी ठरवलं? माल निघतो तेव्हा मी स्वतः पहाटेपासून उभी असते. क्रेट मोजायचे, मजुरांचा चहा, व्यापाऱ्याचं वजन लिहून घ्यायचं. त्या महिन्यात सून घरात बसून राहील का? आणि मी तिला बसू देईन का, ते मला आत्ता सांगता येत नाही.”

मी विचारलं, “मग एरवी? छाटणी, विरळणी, डिपिंग?”

“त्याला मजूर असतात. त्याला मी तरी कुठे जाते आता?”

म्हणजे खरी स्थिती अशी: वर्षभर बागेच्या कामाची सक्ती नाही, पण माल निघायच्या महिन्यात घरातलं कोणीच मोकळं नसतं. माझं वाक्य ऐकायला गोड होतं आणि खोटं होतं. लग्न झाल्यावर पहिल्याच फेब्रुवारीत ते उघडं पडलं असतं, आणि ते रेकॉर्डिंग तिच्या मोबाइलमध्ये राहिलं असतं. वाक्य बदललं: ‘माल निघतो तो महिना घरात सगळ्यांचीच धावपळ असते.’ यात धाकही नाही आणि आमिषही नाही. ज्या मुलीच्या माहेरी शेती आहे तिला हे एका क्षणात कळेल. जिच्या नाही, ती फोनवर विचारेल.

नोकरीचंही तसंच. मी लिहिलं होतं, ‘तिला नोकरी करायची असेल तर आमची काही हरकत नाही.’ शाळेतल्या एका मैत्रिणीला हे दाखवलं. ती म्हणाली, “हरकत नाही म्हणजे परवानगी दिली. परवानगी मागितली कोणी?” हे मला आधी दिसलं नव्हतं. तिला जे हवंय ते आमच्या मनाबद्दल नाही, रस्त्याबद्दल आहे: गाव कुठे, नाशिक किती लांब, रोज जाता येतं का. त्यावर माझ्याइतका चांगला दाखला दुसरा नाही. मी याच घरातून तीन वर्षं एसटीने नाशिकला कॉलेजला जात होते. म्हणून वाक्य असं झालं: ‘इथून नाशिकला रोज नोकरीला जाता येतं, माझी बहीण तशीच कॉलेजला जायची.’

४ जानेवारी

पैशाचं वाक्य. यावर मामांचा फोन आला, आईने त्यांना सांगितलं असणार. भावाने सुचवलेलं वाक्य होतं: ‘बागेचा पैसा वर्षातून एकदा येतो.’ मामा म्हणाले, “पोरी, आपण होऊन उणं कशाला सांगायचं? पाहायला येऊ द्या, मग बोलू.”

मामांना मी माझ्या वहीतला तिसरा आणि सातवा फोन वाचून दाखवला. दोन्हीकडे ‘महिन्याला किती सुटतात’ असं विचारलं होतं, आणि भावाने खरं उत्तर दिल्यावर पलीकडचा सूर उतरला. पगाराच्या घरातल्या मुलीला वर्षातून एकदा येणारा पैसा म्हणजे काय हे माहीत नसतं. ते आधीच कानावर पडलं तर ज्यांना ते चालणार नाही ते फोनच करणार नाहीत. त्यात दोघांचाही वेळ वाचतो आणि भावाला पुन्हा तो उतरलेला सूर ऐकावा लागत नाही. मामा शेवटी म्हणाले, “नुसतं येतो म्हणू नका, भागवतो कसं तेही सांगा.” ही सूचना फार चांगली होती. जोडलं: ‘त्यावर आम्ही वर्षाचं गणित बसवतो.’

सोसायटीचं पीककर्ज इथे सांगायचं का, यावरही बोलणं झालं. तीस सेकंदांत कर्ज म्हटलं की फक्त तो शब्द राहतो. किती, कशासाठी, कधी फिटतं हे सांगायला जागा नाही. ते लपवायचं नाही, पण पहिल्या फोनवर भावाने स्वतःहून सांगायचं, तिकडून विचारायची वाट न पाहता. वहीच्या शेवटच्या पानावर आता तीन रकाने केलेत: कागदावर काय, आवाजात काय, पहिल्या फोनवर काय. पत्रिका, कूळ, एकर कागदावर. पीककर्ज आणि बाबांच्या आजारपणात विकलेली अर्धा एकर जमीन पहिल्या फोनवर.

५ जानेवारी

पुन्हा माहेरी. थंडी फार कडक आहे. निफाडचा पारा खाली गेला की पेपरात बातमी येते, पण इथे ती पहाटे चारला कळते. घडांत पाणी उतरलेलं असताना गारठा वाढला की मणी तडकतात. म्हणून भाऊ चारला उठतो, बागेच्या कडेने आणि ओळींमधून शेकोट्या पेटवतो आणि ठिबक सुरू करतो, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं. आज मीही गेले. धुरात त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता: या ओळीत अजून दोन ठेव, तिकडे वारा आहे.

परत येताना मला सापडलं की संहितेत काय कमी आहे. ‘मी द्राक्षबाग करतो’ या वाक्यानंतर एक असं वाक्य हवं ज्यातून त्याचा दिवस दिसेल. ‘सध्या थंडी कडक आहे, म्हणून पहाटे चारला उठून बागेत शेकोट्या पेटवतो.’ कष्टाळू हा शब्द न वापरता ते कळतं. ‘प्रगतशील बागायतदार’ असं म्हणायची कल्पना माझ्या यजमानांची होती, ती सोडून दिली.

आजची संहिता, ५८ शब्द (नाव इथे लिहीत नाही):

‘नमस्कार, मी —, निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतो. सध्या थंडी कडक आहे, म्हणून पहाटे चारला उठून बागेत शेकोट्या पेटवतो. बागेचा पैसा वर्षातून एकदा येतो, त्यावर आम्ही वर्षाचं गणित बसवतो. घरी आई आणि मी. माल निघतो तो महिना घरात सगळ्यांचीच धावपळ असते. इथून नाशिकला रोज नोकरीला जाता येतं. माझी बहीण तशीच कॉलेजला जायची. तुमचा दिवस कसा जातो, ते ऐकायला आवडेल.’

शेवटचं वाक्य भावाचं स्वतःचं आहे. माझ्याकडे ‘आवडल्यास संपर्क साधावा’ होतं. त्याच्या वाक्याला उत्तर देता येतं, माझ्या वाक्याला नुसता होकार किंवा नकार.

गावाचं नाव, आडनाव, मोबाइल नंबर यांपैकी काहीही आवाजात नाही. तालुका पुरे.

६ जानेवारी

रेकॉर्डिंग, रात्री साडेनऊनंतर. दिवसा ब्लोअर आणि ट्रॅक्टर, संध्याकाळी मंदिराचा भोंगा, म्हणून ही वेळ. आज शेतीची लाईट रात्रीची होती, त्यामुळे विहिरीवरची मोटार सुरू होती आणि तिची घरघर पुढच्या खोलीत येत होती. मागच्या खोलीत गेलो.

पुढची खोली तशीही चालली नसती. फरशी, स्लॅब, उघड्या भिंती. तिथे बोललं की आवाज हंड्यातून आल्यासारखा येतो. टाळी वाजवून पाहावं: टाळीनंतर शेपटीसारखा आवाज राहिला तर ती खोली सोडावी. मागच्या खोलीत गाद्या, गोधड्यांची उतरंड आणि बेदाण्याची पोती आहेत, तिथे टाळी जागच्या जागी संपते. भावाला गोधड्यांकडे तोंड करून बसवलं.

मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर, पण थेट समोर नाही, हनुवटीच्या जरा बाजूला. समोर धरला की ‘बहीण’, ‘भाऊ’, ‘धावपळ’ अशा शब्दांतल्या ह, भ, ध, प यांची हवा माइकवर आदळते आणि धप्प असा आवाज येतो. फार लांब धरला की खोली ऐकू येते, माणूस नाही. ब्लूटूथचं कानातलं वापरून पाहिलं, त्यात आवाज पातळ झाला, फोनच्या लाइनवरून आल्यासारखा. काढून ठेवलं. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकला, कारण मागच्या वेळी मधेच मिस्ड कॉल आला होता.

पहिल्या सात वेळा त्याने वाचलं, आणि वाचल्याचं कळत होतं. वाचणाऱ्याचं प्रत्येक वाक्य एकाच जागी खाली येऊन संपतं. बोलणाऱ्याचं तसं होत नाही. मग कागद काढून घेतला, पाकिटाच्या पाठीवर सहाच मुद्दे लिहिले: बाग, शेकोटी, पैसा, आई, नाशिक, तुमचा दिवस. मी त्याच्यासमोर बसले आणि खुणेने एकेका शब्दावर बोट ठेवत गेले. अकराव्या वेळी जमलं. २७ सेकंद. ‘घरी आई आणि मी’ म्हणताना तो किंचित थांबला. बाबा गेल्यापासून हे वाक्य त्याला तसंच येतं. तो थांबा मी काढणार नाही.

आठव्या आणि अकराव्या प्रयत्नातली चांगली वाक्यं जोडावीत असा मोह झाला. जोडून पाहिलं. मधल्या शांततेतला आवाज बदलतो, एकीकडे मोटार किंचित जवळची वाटते आणि सांधा कानाला लागतो. सलग अकरावाच ठेवला.

८ जानेवारी

चार जणींना ऐकवलं: शाळेतली मैत्रीण, शेजारची नर्स, पुण्याची चुलत बहीण, आणि मैत्रिणीची भाची, जिचं स्वतःचं स्थळ पाहणं चालू आहे. फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली. साधा व्हॉइस मेसेज केला असता तर आवाज आणखी दाबला गेला असता.

‘कसं वाटलं’ असं विचारलं नाही, त्यावर सगळ्या छान म्हणतात. एकदाच ऐकायला सांगितलं आणि विचारलं: काय लक्षात राहिलं, आणि काय विचारावंसं वाटलं?

चौघींच्याही लक्षात शेकोट्या राहिल्या. तिघींच्या लक्षात नाशिक आणि बहीण. पैशाचं वाक्य नर्सने शब्दशः म्हणून दाखवलं आणि म्हणाली, हे बरं केलं सांगितलं. विचारावंसं काय वाटलं याला भाचीचं उत्तर: “आई एकट्याच आहेत का? म्हणजे माझ्यावर त्यांची सगळी जबाबदारी येणार का?” हा प्रश्न आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. आईला विचारलं. ती म्हणाली, “माझं मला अजून सगळं होतं, सांग तिला.” हे आवाजात घातलं तर कैफियत दिली असं वाटेल. पहिल्या फोनच्या रकान्यात लिहिलं, आणि ते आईनेच सांगायचं असं ठरलं.

चुलत बहिणीने एक दोष काढला. ती बसमध्ये मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत होती आणि ‘द्राक्षबाग’ तिला कळलंच नाही. मी पुन्हा ऐकलं: नावानंतर भाऊ श्वास न घेता तालुका आणि बाग एकत्र गुंडाळतो. पहिल्या तीन सेकंदांतच अर्थ हरवला तर पुढचं कोण ऐकेल? पुन्हा घ्यावं लागेल.

९ जानेवारी

मी नाशिकला, म्हणून भावाने एकट्याने घेतलं, त्याच खोलीत, आईला समोर बसवून. नावानंतर मनात एक आकडा मोजायचा एवढंच सांगितलं होतं. २८ सेकंद. स्पीकरवर, स्वस्तातल्या इअरफोनवर आणि आवाज अगदी कमी ठेवून, तिन्ही तऱ्हांनी ऐकलं. बाग स्पष्ट कळते. तो थांबाही आहे.

मागे फार हळू बांगड्यांचा आवाज आहे, आईचा. ठेवला.

रात्री साइटवर टाकलं. पाचवा फोटोही.

२१ जानेवारी

बारा दिवसांत तीन फोन. आकडा वाढला असं म्हणता येणार नाही. फोन मात्र वेगळे आहेत: तिघांपैकी कोणीही महिन्याचा पगार विचारला नाही. एकीने, स्वतः मुलीने, आवाजातच उत्तर पाठवलं. सिन्नरच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे, शिफ्ट असते, आणि तिचा प्रश्न होता की रात्री शिफ्ट सुटल्यावर गावाकडे यायला एसटी कितीला असते. भावाने डेपोत जाऊन वेळापत्रक पाहिलं आणि शेवटची गाडी तिची शिफ्ट संपायच्या आधीच सुटते, हे तिला सरळ कळवलं. पुढचं बोलणं चालू आहे.

२ फेब्रुवारी

माल निघायला सुरुवात झाली. थंडी उतरली आहे, शेकोट्या बंद. म्हणजे ‘सध्या थंडी कडक आहे’ हे वाक्य आता खरं राहिलं नाही. आत्ता रेकॉर्डिंगला कोणालाच वेळ नाही, भाऊ रात्री अकराला गाडी भरून झोपतो. तोवर आवाज काढून ठेवलाय, नुसते फोटो आहेत. एप्रिलमध्ये खरड छाटणीनंतर पुन्हा घ्यायचा, तेव्हा दुसरं वाक्य बदलायचं. बाकी सात तशीच राहतील, आईला पुन्हा एकदा विचारून.